उजेडात धरलेला बांगड्यांचा जोड

कासाराच्या दुकानात काचेच्या बांगड्यांचा जोड हातात आला की बायका आधी तो दाराकडे नेतात. दिव्याखाली सगळेच रंग झळकतात, दारातल्या उजेडात मात्र काच आपला खरा रंग दाखवते. एकच हिरवी बांगडी उजेडात धरली तर कोवळ्या पानासारखी फिकी दिसते. तशाच बारा एकावर एक ठेवून आडवी नजर न टाकता वरून, काचेच्या थरांतून पाहिले, तर तोच हिरवा गर्द होतो. उजेड जितक्या जास्त काचेतून जातो तितका काच तो जास्त शोषते. म्हणून जोडाचा रंग सुट्या बांगडीवरून ठरवू नये.

हा रंग वरून चढवलेला नसतो. उत्तर प्रदेशातल्या आग्र्याजवळच्या फिरोजाबादेत भारतातल्या काचेच्या बांगड्यांचा मोठा हिस्सा बनतो. तिथे वाळू, सोडा, चुनखडी आणि फुटकी काच भट्टीत वितळवतानाच रंग मिसळतात. निळ्यासाठी कोबाल्ट, आणि तोही अगदी चिमूटभर, कारण थोडा जास्त पडला तर काच काळीच दिसते. हिरव्यासाठी क्रोमियम किंवा तांबे. लाल सर्वांत अवघड. सेलेनियम आणि कॅडमियम घातलेली काच भट्टीतून निघताना फिकी असते आणि पुन्हा ताप दिल्यावर लाल होते. ताप कमी-जास्त झाला की एकाच घाण्यातल्या बांगड्यांत छटा बदलते. त्यामुळे जोड लावणाऱ्याला लाल बांगड्या निवडून जुळवाव्या लागतात.

बांगडी साच्यात ओतत असतील असे वाटते, पण तसे नसते. वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी सळईवर घेतात आणि त्याचा तार फिरत्या लाटण्यावर, म्हणजे ‘बेलना’वर गुंडाळत नेतात. एक माणूस तार ओढतो, दुसरा बेलन फिरवतो. थोड्याच वेळात बेलनावर काचेची लांब स्प्रिंग तयार होते. ती काढून एका रेषेत कापली की प्रत्येक वेटोळे वेगळे होते. प्रत्येक वेटोळ्याची दोन टोके मात्र किंचित वर-खाली राहतात, कारण ते मुळात स्प्रिंगचे असते.

ही टोके एका पातळीत आणणे म्हणजे ‘सधाई’ आणि ज्योतीवर तापवून चिकटवणे म्हणजे ‘जुडाई’. ही कामे बरीचशी घरोघरी चालतात आणि त्यांत बायकांचे हात मोठ्या प्रमाणावर असतात. दिवसभर ज्योतीसमोर बसून, हाताने गरम काच दाबून हा सांधा होतो. तिथे पातळी चुकली किंवा काच नीट वितळली नाही, तर बांगडी पुढे तिथेच वाढते.

मग सोनेरी काठ. चांगल्या प्रतीच्या जोडावर लावतात ते द्रवरूप सोने, म्हणजे तेलकट द्रावणात विरघळवलेले सोन्याचे संयुग. कुंचल्याने लावताना ते तपकिरी, मळकट दिसते. भट्टीत भाजताना तेल जळून जाते आणि काचेवर सोन्याचा अतिशय पातळ थर उरतो. बांगड्या एकावर एक रचल्या की काठाकाठाने उजेड अडतो आणि दोन काठांच्या मधल्या काचेतून आरपार जातो. जोडातले रंग त्यामुळेच एकमेकांत मिसळल्यासारखे न दिसता वेगळे उठून दिसतात. स्वस्त मालात सोनेरी पूड वार्निशात कालवून लावतात. तिला भाजण्याचा ताप लागत नाही, पण घाम आणि पाणी लागताच ती काळवंडते किंवा निघते.

मापाचा घोळ बऱ्याचजणींचा होतो. २.४ हा दशांश नाही. रुपयाचे सोळा आणे तसे इंचाचे सोळा भाग, म्हणून २.४ म्हणजे दोन इंच आणि चार भाग, अर्थात आतून सव्वादोन इंच, सुमारे ५७ मिलिमीटर. २.८ म्हणजे अडीच इंच. २.१० ही २.८ पेक्षा मोठी. घरबसल्या मागवताना नीट बसणाऱ्या जुन्या बांगडीचा आतला व्यास पट्टीने मोजावा आणि मगच माप निवडावे.

खरेदी करताना तीन गोष्टी बघाव्यात. बांगडी बोटावर टांगून नखाने टिचकी मारली तर स्वच्छ खणखणीत आवाज यावा. तडा असेल तर आवाज बोदा येतो. सांध्यावरून नख फिरवावे, ते अडकू नये. आणि सोनेरी काठावर ओला रुमाल घासून पाहावा. रुमालावर सोनेरी डाग उमटला तर तो जोड परत ठेवावा.