‘सोबत बायोडाटा जोडला आहे’, पण मेल रिकामा

भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचा एक मुलगा आपण डोळ्यांसमोर आणू. आयटीआयमधून फिटरचा ट्रेड पूर्ण केलेला, हातात अँड्रॉइड फोन, घरात कॉम्प्युटर नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पोलाद गिरण्या आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत. तिथे फिटरची जागा निघाल्याचं त्याला मित्राच्या स्टेटसवरून कळतं. खाली एचआरचा मेल-पत्ता दिलेला असतो. रात्री तो लिहितो, ‘आदरणीय महोदय, फिटर पदासाठी अर्ज करत आहे. सोबत माझा बायोडाटा जोडला आहे. कृपया विचार व्हावा.’ आणि पाठवतो. दुसऱ्या दिवशी जालन्यात भरतीचं काम पाहणारी व्यक्ती मेल उघडते, तर खाली काहीच नाही. तीन वाक्यं, नाव, मोबाइल नंबर, बस्स.

मुलगा काल्पनिक आहे, पण असे मेल भरती करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचे आहेत. त्यांचं बहुतेक ठिकाणी काय होतं, हेही ठरलेलं आहे : ते तसेच पडून राहतात. ‘साधी फाइल जोडता येत नाही, तो मशीन काय सांभाळणार’ असं कुणीतरी म्हणतं आणि विषय संपतो. हा निष्कर्ष चुकीचा आहे. फाइल न पोहोचण्यावरून माणसाच्या हातातल्या कामाबद्दल काहीच कळत नाही. फार तर त्याचा बायोडाटा कुठे राहतो आणि तिथून तो मेलमध्ये कसा यावा लागतो, एवढंच कळतं.

तो राहतो व्हॉट्सअॅपमध्ये. गावाकडचा बायोडाटा बहुधा सायबर कॅफेत किंवा ई-सेवा केंद्रात टाइप होतो. तिथला चालक त्याची पीडीएफ करतो आणि व्हॉट्सअॅपवर टाकून देतो. फोनमध्ये तिला अनेकदा `DOC-20240612-WA0007.pdf` अशा धाटणीचं नाव मिळतं, ज्यात ना अर्जदाराचं नाव असतं ना पदाचं. मेल लिहिताना मुलगा जोडणीची खूण दाबतो, समोर ‘अलीकडच्या’ फायलींची यादी येते आणि त्यात ही फाइल दिसेलच असं नाही, कारण ती व्हॉट्सअॅपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये खोलवर असते. तो मागे जातो, शोधतो, पुन्हा मेलवर येतो. मजकूर तयारच असतो. ‘सोबत जोडला आहे’ हे वाक्य आधी लिहून झालेलं असतं, आणि तेच नंतर वाचताना काम झाल्यासारखं वाटतं.

कागदाच्या काळातही हे घडत होतंच. आपल्याकडच्या अर्जाखाली ‘सोबत’ असं लिहून जोडलेल्या कागदांची यादी देण्याची पद्धत त्यासाठीच आहे. सरकारी कार्यालयात बारनिशीत पत्र नोंदवून घेणारा लिपिक ती यादी आणि हातातले कागद ताडून पाहतो. कागद कमी असेल तर अर्जदार बहुधा समोरच उभा असतो आणि तिथल्या तिथे उलगडा होतो. मेलमध्ये हा मधला लिपिक नाही. काही मेल-प्रोग्रॅम त्याचं काम थोडंफार करतात. जीमेलने 2008 मध्ये विसरलेल्या फायलीची आठवण देणारी सोय प्रयोग म्हणून आणली. पण अशा सोयी मजकुरातले ठरावीक शब्द शोधून चालतात. थंडरबर्ड या प्रोग्रॅममध्ये तर शब्दांची यादी उघड दिसते आणि ‘सोबत’, ‘जोडला’ असे मराठी शब्द त्यात आपण स्वतः घालू शकतो. ज्या यादीत ते नाहीत, तिथे मराठी अर्ज विनाइशारा निघून जातो.

आता जालन्याच्या टेबलाकडे येऊ. उत्तर लिहिण्यापूर्वी भरती करणाऱ्याने एक गोष्ट पाहायला हवी : फाइल जोडलीच गेली नव्हती, की वाटेत गळाली? दोन्ही शक्य आहे. कंपनीची मेल-यंत्रणा संशयास्पद वाटणारी जोडणी काढून टाकू शकते. जीमेलमध्ये 25 एमबीपेक्षा मोठी फाइल जोडणी म्हणून न जाता ड्राइव्हची लिंक होऊन जाते, आणि परवानगी दिलेली नसेल तर ती लिंक उघडतच नाही. पदवी, गुणपत्रिका, दाखले सगळे फोनने स्कॅन करून एकाच पीडीएफमध्ये कोंबले की फाइल बघता बघता एवढी फुगते. शिवाय पाठवताना फाइलचं अक्षरांमध्ये रूपांतर होतं आणि तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, म्हणून मर्यादेच्या जरा अलीकडची फाइलही काही कंपन्यांच्या सर्व्हरवर अडते.

शहानिशा करायला मिनिटही लागत नाही. जीमेलमध्ये मेलच्या उजवीकडचे तीन ठिपके दाबून `Show original` उघडायचं. मेलचा कच्चा मजकूर दिसतो. फाइल जोडलेली असेल, तर त्यात अशा ओळी सापडतात :

```
Content-Type: application/pdf; name="Resume.pdf"
Content-Disposition: attachment; filename="Resume.pdf"
Content-Transfer-Encoding: base64
```

त्याखाली अक्षर-अंकांची लांबच लांब रांग असते, तीच फाइल. मेलला अशी जोडणी लावण्याचा हा ठरावीक साचा नॅथॅनिएल बोरेन्स्टीन आणि नेड फ्रीड यांनी मांडला, तो 1992 मध्ये. आजचा प्रत्येक बायोडाटा त्याच साच्यातून जातो. कच्च्या मजकुरात `filename` कुठेच नसेल आणि ड्राइव्हची लिंकही नसेल, तर फाइल बहुधा निघालीच नव्हती. यंत्रणेने ती काढली असेल, तर बहुतेकदा तिच्या जागी तशी सूचना सोडलेली असते. मग अडचण कंपनीच्या बाजूची आहे आणि अर्जदाराला दुसरा मार्ग सुचवणं कंपनीचं काम आहे.

हे पाहून झाल्यावर उत्तर. ‘बायोडाटा जोडलेला नाही, अर्ज अपूर्ण’ एवढंच लिहिलं तर ते खोटं नाही, पण वाचणाऱ्याला त्यात नकार दिसतो. पहिल्या नोकरीच्या शोधात असलेला मुलगा असं उत्तर वाचून पुन्हा मेल करायला धजत नाही. त्याऐवजी असं लिहिता येतं :

‘नमस्कार. फिटर पदासाठीचा आपला मेल मिळाला, धन्यवाद. मेलमध्ये बायोडाटाचा उल्लेख आहे, पण फाइल आमच्यापर्यंत पोहोचलेली दिसत नाही. कृपया तेवढी पीडीएफ पुन्हा पाठवा. ती व्हॉट्सअॅपमध्ये असेल तर तिथेच उघडून ‘शेअर’ दाबा आणि जीमेल निवडा. नवीन मेल आला तरी चालेल. विषयात आपलं नाव आणि ‘फिटर’ एवढं लिहा. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत फाइल आली, तर याच फेरीत आपला अर्ज पाहू. दाखले, आधार किंवा इतर कागद आत्ता नकोत. फाइल जाण्यात अडचण आली तर या क्रमांकावर दुपारी दोन ते चार फोन करा.’

यातला चांगुलपणा गोड शब्दांत नाही. ‘धन्यवाद’ सोडलं तर मायेचा एकही शब्द त्यात नाही. तो आहे तपशिलात. मेल मिळाला, हे पहिल्याच वाक्यात सांगितल्यामुळे पत्ता बरोबर होता की चुकला, ही शंका मिटते. ‘पोहोचलेली दिसत नाही’ या शब्दांनी चूक कुणाच्या माथी मारली जात नाही, आणि वस्तुस्थितीही तेवढीच आहे : वाचणाऱ्याला फक्त न पोहोचणं दिसतं. शुक्रवारचे पाच ही वेळ सांगितली नाही, तर मुलगा फाइल सुधारायला पुन्हा ई-सेवा केंद्रात जाईल, तिथे लाइट नसेल, आठवडा निघून जाईल. आणि ‘इतर कागद नकोत’ हे वाक्य सर्वांत जास्त कामाचं आहे. ते नसेल तर घाबरलेला अर्जदार दहावीच्या गुणपत्रिकेपासून जातीच्या दाखल्यापर्यंत सगळं जोडतो, फाइल फुगते आणि पुन्हा अडकते. शिवाय गरज नसताना त्याच्या ओळखीचे पुरावे परक्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतात.

व्हॉट्सअॅपमधून थेट ‘शेअर’ करण्याचा मार्ग फोनवर सर्वांत खात्रीचा आहे, कारण फाइल शोधावी लागत नाही. नवा मेल उघडतो तोच फाइल लागलेला. अडचण एवढीच, की तो मेल आधीच्या संवादाला जोडून जात नाही. म्हणून विषयात नाव आणि पद मागायचं, म्हणजे एचआरला दोन मेल जुळवता येतात. आणखी एक गफलत नेहमी होते. पहिल्या वेळी फाइल खरंच गेली असेल, तर अर्जदार ‘पाठवलेले’ मध्ये जाऊन तोच मेल उघडतो, ‘रिप्लाय’ दाबतो आणि लिहितो, ‘वरील बायोडाटा पाहावा.’ रिप्लायमध्ये जुनी जोडणी सोबत जात नाही, फॉरवर्डमध्ये जाते. हा फरक एचआरने एका ओळीत सांगितला तर तिसरा मेल टळतो.

अर्थात सगळीकडे असं उत्तर देता येत नाही. सरकारी भरतीत शेवटच्या तारखेनंतर एकाकडून कागद मागून घेतला, तर ज्यांना विचारलं नाही त्यांच्यावर अन्याय होतो, म्हणून तिथे अपूर्ण अर्ज बाद होतो आणि ते योग्यच आहे. खासगी कंपनीतही हाच न्याय आतल्या आत पाळावा लागतो : एका रिकाम्या मेलला उत्तर दिलं, तर त्या फेरीतल्या सगळ्याच रिकाम्या मेलना तेच उत्तर आणि तीच मुदत मिळायला हवी. मजकूर एकदा लिहून साठवून ठेवला की हे जड जात नाही. ‘आपली निवड नक्की होईल’ असा दिलासा मात्र त्यात चुकूनही नको. फाइल अजून कुणी पाहिलेलीच नाही.

अर्जदाराच्या बाजूनेही एक खबरदारी आहे, कारण असंच आपुलकीचं उत्तर भामटेही पाठवतात. उत्तर आपण ज्या पत्त्यावर अर्ज केला त्याच पत्त्यावरून आलं आहे का, हे अक्षर-अक्षर जुळवून पाहायचं. बायोडाटा परत मागणं साधी गोष्ट आहे. त्याच मेलमध्ये नोंदणी शुल्क, ओटीपी किंवा बँकेचे तपशील मागितले, तर तिथेच थांबायचं. पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करायचा.

आणि दुसरा मेलही रिकामाच आला तर? तिसरं उत्तर लिहिण्यात अर्थ नसतो. मेलमध्ये मोबाइल नंबर आहे, तो लावायचा. ट्रेड कोणता, पास होऊन किती वर्षं झाली, कुठे काम केलं, लेथ की वेल्डिंग की मेन्टेनन्स, कधीपासून येऊ शकतो, एवढं पाच मिनिटांत विचारून फेरीच्या यादीत त्याची नोंद करायची. फिटरची निवड शेवटी शॉपफ्लोअरवरच्या प्रात्यक्षिकावर होणार असते. बायोडाटाची छापील प्रत तो त्या दिवशी सोबत आणू शकतो.