फोटो कुठल्या समुद्रातला? आधी मासा बघा

निळंशार पाणी, फांद्यांची पोवळी, पोवळ्यांवर माशांचा थवा आणि खाली ओळ : ‘मालवणला स्कूबा करा’. पर्यटनाच्या जाहिरातींत असे फोटो नेहमी फिरतात. त्यातला एखादा खरंच मालवणचा आहे का, हे बऱ्याचदा त्या फोटोतूनच कळू शकतं. पाण्याखाली ना पाट्या असतात ना डोंगर. पण प्रत्येक माशाचा स्वतःचा इलाखा असतो.

मात्र सगळेच मासे सारखे उपयोगी नसतात. काळे-पिवळे पट्टे आणि पाठीवर लांब पांढरा तुरा असलेला ‘मूरिश आयडल’ आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिक ओलांडून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत सापडतो. त्याच्यावरून फार तर अटलांटिक वगळता येतो. याउलट, गालावर निळसर-करडा डाग असलेला पिवळाधमक बटरफ्लाय फिश दिसला, तर फोटो तांबड्या समुद्रातला किंवा त्याला लागून असलेल्या एडनच्या आखातातला. इलाखा जितका लहान, तितका पुरावा भक्कम.

या कामात सर्वांत भरवशाचा साक्षीदार म्हणजे समुद्रफुलाच्या झुबक्यात राहणारा क्लाऊनफिश. त्याची पिल्लं अंड्यातून बाहेर पडल्यावर साधारण आठ ते बारा दिवसच प्रवाहाबरोबर वाहतात आणि मग घर शोधतात. एवढ्या दिवसांत फार दूर जाता येत नाही. म्हणून या माशाच्या अनेक जाती ठरावीक भागांपुरत्याच राहिल्या आहेत. अटलांटिक आणि कॅरिबियनमध्ये तर क्लाऊनफिश मुळीच नाही.

आता समजा, आपल्या फोटोतला मासा नारिंगी आहे. डोळ्यामागे एकच पांढरा पट्टा आहे, पोट आणि पोटाखालचे पर काळे आहेत. हा ‘अँफिप्रियॉन निग्रिपेस’. तो मालदीव, लक्षद्वीप आणि श्रीलंकेच्या परिसरात राहतो. चूक होण्याची जागा इथेच आहे. पश्चिम पॅसिफिकमधल्या एका गुलाबीसर जातीलाही डोक्यावर असाच एक पट्टा असतो, पण तिच्या पाठीवरून पांढरी रेघ गेलेली असते. म्हणून फोटो मोठा करून पाठ बघायची. रेघ नसेल आणि पोट काळं असेल, तर फोटो हिंदी महासागरातला.

एका माशावर निकाल देऊ नये. मागे निळ्या अंगाचा, काळ्या तोंडाचा, पाठीवर पिवळा पर असलेला ‘पावडर ब्लू’ सर्जन फिश दिसतो. तोही मुख्यतः हिंदी महासागरातलाच, त्यामुळे दोन साक्षी जुळतात. असे जास्तीचे साक्षीदार का हवेत, हे लायनफिशने दाखवलं आहे. तो मूळचा हिंदी-पॅसिफिक भागातला, पण 1985 मध्ये फ्लोरिडाजवळ नोंदला गेला आणि पुढे कॅरिबियनभर पसरला. आज केवळ त्याच्यावरून महासागरही ठरत नाही.

पोवळ्यांचा पुरावा जरा ढोबळ असतो. फांद्यांची पोवळी दोन्हीकडे आहेत आणि नुसत्या फोटोवरून त्यांची जात ठरवणं तज्ज्ञांनाही जड जातं. पण पोवळ्यांत रुतलेला महाकाय शिंपला दिसला, तर कॅरिबियन बाद. तिथे तो नैसर्गिकरीत्या सापडत नाही. पोवळी काळाबद्दलही बोलतात. 1998 आणि 2016 मध्ये समुद्र तापल्याने मालदीवमधली पुष्कळ पोवळी पांढरी पडून मेली. त्यामुळे मेलेल्या सांगाड्यांवर शेवाळ चढलेलं दिसलं, तर फोटो अशा एखाद्या संकटानंतरचा असण्याची शक्यता वाढते.

पाण्याची नितळता हा सर्वांत कच्चा पुरावा. मालवणच्या किनाऱ्याजवळ खाड्यांचा गाळ आणि प्लवक असल्यामुळे पाणी हिरवट असतं आणि चांगल्या हंगामातही बहुधा दहा मीटरच्या आतलंच दिसतं. मालदीवला वीस-तीस मीटरपर्यंत दिसणं नेहमीचं. पण तिथेही वारा फिरला, की प्रवाळबेटांची एक बाजू नितळ आणि दुसरी गढूळ होते. शिवाय संगणकावर हिरवं पाणी निळं करणं सोपं. त्यामुळे रंगावर जाऊ नये, अंतर बघावं. दूरचा खडक कडा स्पष्ट राहून फिका होतो, की धुक्यात बुडतो? फ्लॅशच्या उजेडात पांढरे ठिपके चमकतात का? ते पाण्यात तरंगणाऱ्या कणांचे असतात. रंग बदलला तरी ते बहुधा राहतात.

सगळं एकत्र केलं तर निकाल असा : हा फोटो मालवणचा नाही. मालदीव, लक्षद्वीप किंवा श्रीलंकेचा आहे, आणि यांपैकी नेमका कुठला, हे एवढ्या माशांवरून सांगता येणार नाही. मालवणच्या खडकांवरही पोवळी आहेत, मासेही भरपूर आहेत. तेव्हा पैसे भरण्याआधी आयोजकाकडे त्याच जागेचा, याच हंगामातला, रंग न बदललेला फोटो मागा.