अटक केली, पण ठार केलं

वर्तमानपत्रात शेजारी शेजारी येऊ शकतील अशी ही दोन वाक्यं पाहा. ‘पोलिसांनी दरोडेखोराला अटक केली.’ ‘पोलिसांनी दरोडेखोराला ठार केलं.’ करणारे पोलीसच, सापडलेला दरोडेखोरच आणि क्रियापदही दोन्हीकडे ‘करणे’. तरी एका ठिकाणी ‘केली’ येतं आणि दुसऱ्या ठिकाणी ‘केलं’. मराठी घरात वाढलेलं पाच वर्षांचं मूलही अशा वाक्यांत चुकत नाही. असं का, हे मोठ्यांना विचारलं तर मात्र पटकन उत्तर येत नाही.

उत्तर ‘अटक’ या शब्दात आहे. मराठीत भूतकाळी वाक्यातल्या कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागला की क्रियापद त्याचं लिंग-वचन घेत नाही, ते कर्माकडे वळतं. आपल्या वाक्यांत कर्मालाही ‘ला’ लागला आहे, त्यामुळे ती वाटही बंद. मग क्रियापद आणखी एखादं मोकळं नाम शोधतं. पहिल्या वाक्यात त्याला ‘अटक’ सापडते. ती स्त्रीलिंगी, म्हणून ‘केली’. दुसऱ्या वाक्यातला ‘ठार’ हा शब्द नाम नाही, त्याला लिंगच नाही. धरायला काहीच उरलं नाही की मराठी क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात उभं राहतं, म्हणून ‘केलं’. शंका असेल तर शब्द बदलून पाहा. त्याला मारहाण केली, त्याला दंड केला, त्याला जखमी केलं. मारहाण आणि दंड ही नामं आहेत, जखमी हे विशेषण.

‘अटक करणे’, ‘मदत करणे’, ‘निर्णय घेणे’, ‘लक्ष देणे’, ‘हाक मारणे’, ‘झोप लागणे’ या जोड्यांमध्ये काय घडलं ते सांगायचं काम नाम करतं. क्रियापद फक्त काळ, अर्थ, पुरुष यांचे प्रत्यय अंगावर घेतं. हाक मारताना कुणाला मार बसत नाही आणि लक्ष देताना हातातून काही जात नाही. स्वतःच्या अर्थाचं वजन असं उतरवून ठेवलेल्या क्रियापदाला भाषाशास्त्रात ‘हलकं क्रियापद’ म्हणतात. ही कल्पना डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांच्या इंग्रजी व्याकरणातून आली. अशा जोडीला या लेखापुरतं आपण नामजोड म्हणू.

शाळेत शिकलेलं संयुक्त क्रियापद ही वेगळी गोष्ट आहे. तिथे दोन्ही घटक क्रियापदाच्याच कुळातले असतात: खेळू लागली, विसरून गेला, लिहून टाकलं. हलकं क्रियापद दोन्हीकडे शेवटी येतं, म्हणून दोघांची गल्लत होते. पण त्याच्या आधी नाम बसलं आहे की धातू, यावर पुढचं सगळं व्याकरण फिरतं.

नामजोडीतलं नाम आपला नामपणा सहजासहजी सोडत नाही. वाक्यातल्या इतर शब्दांना कोणता प्रत्यय लागायचा तेही तेच ठरवतं. क्रियापद ‘करणे’ हेच ठेवलं तरी आपण मित्राला मदत करतो, मित्राची चेष्टा करतो, मित्रावर टीका करतो आणि मित्राशी चर्चा करतो. ‘करणे’च्या हातात काही असतं, तर चारही ठिकाणी एकच प्रत्यय आला असता. या नामाला विशेषणही लागतं, जसं ‘मोठी मदत केली’. त्याला क्रियापदापासून उचलून वाक्याच्या सुरुवातीला नेता येतं, जसं ‘मदत मात्र कुणीच केली नाही’. म्हणजे अर्थाने दोघं मिळून एक क्रियापद झाले असले, तरी व्याकरणात नामाचं बिऱ्हाड वेगळंच राहतं.

काही नामं मात्र हळूहळू विरघळतात. मराठीत हे नेमकं कसं होतं ते ‘खरेदी’त स्वच्छ दिसतं. ‘तिने पुस्तकांची खरेदी केली’ म्हटलं तर खरेदी हे पुरतं नाम आहे. पुस्तकांना तिच्यामुळे ‘ची’ लागला आणि ‘केली’ हे रूपही तिच्यामुळेच आलं. आता ‘तिने पुस्तक खरेदी केलं’ हे वाक्य घ्या. पुस्तकाला प्रत्यय नाही, ते थेट कर्म झालं आहे आणि ‘केलं’ हे रूप पुस्तकाचं लिंग पाळतं. खरेदीचं स्त्रीलिंग या वाक्यात कुणीच विचारात घेत नाही. ती करणेला इतकी चिकटली आहे की दोघं मिळून ‘घेणे’सारखं एकच क्रियापद झाले आहेत. विशेषण लावलं की हे लगेच कळतं. ‘पुस्तकांची मोठी खरेदी केली’ चालतं, ‘पुस्तक मोठी खरेदी केलं’ मुळीच चालत नाही. एकच शब्द आजच्या मराठीत दोन्ही अवस्थांत नांदतो आणि दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. ‘सुरुवात’ने असा प्रवास केला नाही. तिच्या शेजारी ‘सुरू’ हा वेगळा शब्द आधीच हजर होता. म्हणून आपण कामाला सुरुवात केली म्हणतो किंवा काम सुरू केलं म्हणतो; ‘काम सुरुवात केलं’ ऐकलं की बोलणाऱ्याची मराठी अजून पक्की झालेली नाही हे कळतं.

इंग्रजीतून आलेले शब्दही याच दोन दारांनी आत येतात. फोन हे नाम म्हणून आलं, पुल्लिंगी ठरलं, म्हणून ‘तिला फोन केला’. ‘पार्क’ हे इंग्रजी क्रियापद आपण उचललं. त्याला मराठी लिंग मिळालं नाही, म्हणून ते ‘ठार’च्या रांगेत जाऊन बसलं आणि क्रियापद कर्माकडे गेलं: गाडी पार्क केली, ट्रक पार्क केला. ‘मी आईला मिस केलं’ या वाक्यात तर आईलाही ‘ला’ लागलेला, म्हणून पुन्हा ‘केलं’. इंग्रजी शब्द कितीही येवोत, त्यांना मराठीच्या नियमानेच राहावं लागतं. मला या घुसखोरीतली काळजी वेगळ्या ठिकाणी वाटते. ‘मिस करणे’ एकटंच येतं आणि ते आलं की ‘आठवण’चा अख्खा परिवार मागे पडतो.

तो परिवार पाहण्यासारखा आहे. मला तुझी आठवण आली, आजीने तुझी आठवण काढली, त्याने उपकाराची आठवण ठेवली. नाम एकच आहे, पण ‘येणे’ आलं की आठवण आपोआप मनात उतरते, ‘काढणे’ आलं की कुणीतरी बोलता बोलता ती बाहेर आणतं, ‘ठेवणे’ आलं की ती जाणूनबुजून जपली जाते. हलकं क्रियापद अगदीच पोकळ नसतं, ते इथे कळतं. घटना आपल्याला झाली की आपण ती केली, हे ते सांगतं. ‘मला अभ्यासाचा कंटाळा आला’ या वाक्यात दोष कुणाचाच नाही. ‘तो अभ्यासाचा कंटाळा करतो’ ही मात्र तक्रार आहे. पहिल्या वाक्यातल्या माणसाला ‘ला’ लागतो, दुसऱ्यातला सरळ कर्ता होतो.

आता संयुक्त क्रियापदाकडे वळू. ‘त्याने पत्र लिहून टाकलं.’ इथे अर्थ ‘लिहिणे’ या क्रियापदाचा आहे. ‘टाकणे’ एवढंच सुचवतं की काम एकदाचं उरकलं, डोक्यावरून उतरलं. ‘जाणे’ने क्रिया हातातून निसटल्याची छटा येते, जसं ‘नको ते बोलून गेला’. ‘बसणे’ने पस्तावा येतो, जसं ‘भलतंच काहीतरी करून बसला’. नामजोडीत हलक्या क्रियापदाला क्रिया उभी करण्याचं काम असतं, ते काढलं तर वाक्यच कोसळतं. संयुक्त क्रियापदातून ते काढलं तर क्रिया शाबूत राहते, फक्त छटा जाते: पत्र लिहिलं.

मराठीत एक अडचण आहे, जी हिंदीत नाही. हिंदी ‘लिख दिया’ आणि ‘लिखकर दिया’ वेगळं ठेवते. आपण दोन्हीकडे ‘लिहून दिलं’ म्हणतो, कारण आपला ‘ऊन’ दोन्ही कामं करतो. त्यामुळे ‘पत्र लिहून टाकलं’ याचे अर्थ दोन होतात. लिहिण्याचं काम उरकलं हा एक, आणि लिहून मग टपालात टाकलं हा दुसरा. दोन्हींच्या मध्ये काही घालून पाहिलं की उलगडा होतो. ‘लिहून लगेच पेटीत टाकलं’ म्हटलं की त्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. संयुक्त क्रियापद असा शब्द मध्ये येऊ देत नाही. नकारही त्याला सहसा मानवत नाही. पत्र लिहून टाकलं का, या प्रश्नाला आपण ‘नाही लिहिलं’ असं उत्तर देतो, टाकणे गळून पडतं. ‘पत्र लिहून टाकत नाहीस तोवर उठायचं नाही’ अशा ‘तोवर’च्या वाक्यात मात्र नकार चालतो, कारण तिथे काम संपण्यावरच बोलणं चाललेलं असतं. नामजोडीला नकाराची अशी कोणतीही अडचण नाही. मदत केली नाही, लक्ष दिलं नाही, झोप लागली नाही, सगळं सुरळीत.

दोन्ही रचना एकाच वाक्यात आल्या की त्यांची कामं स्पष्ट वेगळी दिसतात. ‘तिने निर्णय घेऊन टाकला.’ ‘ती निर्णय घेऊन बसली.’ ‘निर्णय घेणे’ ही नामजोड आहे आणि तिच्यावर ‘टाकणे’ किंवा ‘बसणे’ हे संयुक्त क्रियापदाचं टोक चढलं आहे. टाकणे सकर्मक असल्यामुळे कर्त्याला ‘ने’ लागला आणि क्रियापद पुल्लिंगी निर्णयाकडे गेलं, म्हणून ‘टाकला’. बसणे अकर्मक आहे. त्याने ‘ने’ येऊच दिला नाही, म्हणून ‘बसली’ हे रूप थेट तिच्यावरून आलं. कर्त्याला ‘ने’ लागेल की नाही हे शेवटच्या क्रियापदाने ठरवलं. जिथे तो लागला, तिथे लिंग नामाने दिलं. निर्णय घेणारी व्यक्ती आणि निर्णय दोन्ही तेच, तरी ही दोन्ही रूपं चुकवायची म्हटली तरी मराठी माणसाकडून चुकत नाहीत.

मराठी नव्याने शिकणाऱ्याला मात्र हे सगळं एकेका नामागणिक शिकावं लागतं. कोणत्या नामाला करणे लागतं, कोणाला देणे, मारणे, काढणे, आणि त्या नामामुळे दुसऱ्या शब्दाला ‘ला’ लागतो की ‘चा’ की ‘वर’, याचा एकच सोपा नियम नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाने हे ओळखलं होतं. 1857च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत कितीतरी नामांपुढे ती कोणत्या क्रियापदांबरोबर येतात हे दिलेलं आहे आणि सोबतच्या शब्दाला षष्ठी लागत असेल तर तीही नोंदवलेली आहे. आज मराठी मुलांसाठी, परप्रांतातून आलेल्यांसाठी आणि परदेशातल्या मराठी घरांसाठी जे शब्दकोश आणि पाठ तयार होतात, त्यांत ‘मदत: स्त्रीलिंगी नाम’ एवढ्यावर थांबू नये. ‘कुणाला मदत करणे’ असं क्रियापद आणि प्रत्यय यांच्यासकट द्यावं.