दिवसभर प्रवास, फोन चालू आणि ऑर्डरही हातची जाऊ नये: बॅटरीच्या दोन सेटिंग नीट लावा

बॅटरी संपली म्हणून धंद्याचं नुकसान झालं, असं आपल्याला बरेच जण सांगतात. आजची गोष्ट मात्र उलटी आहे. बॅटरी भरपूर शिल्लक होती, तरी ऑर्डर गेली.

राणीसावरगावातल्या एका ताईंचं साड्या आणि ब्लाउजपीसचं छोटं दुकान आहे. माल आणायला त्या महिन्यातून एक-दोनदा नांदेडला जातात. पहाटे ५ ला घर सोडायचं, काळी-पिवळीनं गंगाखेड, तिथून रेल्वेनं परभणी, पूर्णा करत नांदेड. खरेदी उरकून परत घरी यायला रात्रीचे ९. म्हणजे सोळा तास फोन चार्जरपासून लांब. आधी एकदा परतीच्या वाटेवर फोन बंद पडला होता, म्हणून या वेळी त्यांनी पक्का बंदोबस्त केला. कुणीतरी सांगितलं तसं पहाटेपासूनच बॅटरी सेव्हर चालू ठेवला आणि "सगळे अ‍ॅप झोपवून टाका" हा सल्लाही पाळला.

संध्याकाळी ७ वाजता गंगाखेडला उतरल्यावर फोनमध्ये ३८ टक्के बॅटरी होती. ताई खूश. सहज दुकानाच्या नंबरचं व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस उघडलं आणि एकदम सकाळचा मेसेज समोर आला. वेळ ११:२०. "ताई, हळदीसाठी एकसारख्या सहा पिवळ्या साड्या पाहिजेत. तुम्ही नांदेडला आहात ना? आजच आणा." त्याखाली दोन वेळा "ताई?" आणि शेवटी "राहू द्या, दुसरीकडून घेतल्या." ११:२० ला ताई साड्यांच्या ठोक दुकानातच उभ्या होत्या.

नेमकं काय झालं?

इथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक जण त्यांची गल्लत करतात.

पहिली, Battery Saver. हा एक खटका आहे. चालू केला की फोन लगेच हात आखडता घेतो. मागे चालणारी कामं कमी करतो, मेल आणि फोटोची देवाणघेवाण लांबवतो, बऱ्याच फोनमध्ये स्क्रीन काळी करतो, लोकेशनवरही मर्यादा आणतो. बंद केला की सगळं पूर्ववत.

दुसरी, Adaptive Battery. ही २०१८ मध्ये अँड्रॉइड ९ सोबत आली. हा खटका नाही, ही सवय आहे. तुम्ही कोणतं अ‍ॅप किती वेळा उघडता हे फोन बघत राहतो. रोज उघडता ते अ‍ॅप मोकळं राहतं. क्वचित उघडता त्याला मागे काम करायची परवानगी कमी कमी होत जाते. ही शिकवणी एका रात्रीत होत नाही, बरेच दिवस लागतात. म्हणून प्रवासाच्या आदल्या रात्री हे चालू केलं तर दुसऱ्या दिवशी फरक दिसणार नाही. ते कायम चालूच ठेवायचं.

आता ताईंचं बघा. घरचं व्हॉट्सअ‍ॅप त्या दिवसातून पन्नास वेळा उघडतात. दुकानाच्या नंबरचं मात्र दोन-तीन दिवसांतून एकदा. फोनच्या हिशेबात हे बिनमहत्त्वाचं अ‍ॅप. फोनला वापर कळतो, कमाई कळत नाही. त्यातच ताईंनी स्वतःच्या हातानं ते Deep sleeping apps च्या यादीत टाकलं होतं. सॅमसंगच्या फोनमध्ये या यादीतलं अ‍ॅप तुम्ही उघडाल तेव्हाच जागं होतं. मग ११:२० चा मेसेज ७ वाजता दिसणार, यात नवल नाही.

आधी धंद्याचं अ‍ॅप मोकळं करा

बचतीची सुरुवात बचतीपासून करू नका. ज्या अ‍ॅपवर ऑर्डर येते, ते आधी बाजूला काढा.

त्या अ‍ॅपच्या चिन्हावर बोट दाबून धरा आणि App info उघडा. त्यात App battery usage असं दिसेल. तिथं Unrestricted निवडा. काही फोनमध्ये आधी Allow background usage वर टॅप केल्यावर हा पर्याय दिसतो. शाओमी, रेडमी, पोकोमध्ये App info मध्ये Battery saver असतं, तिथं No restrictions करा. सॅमसंगमध्ये आणखी एक काम आहे. Settings, Battery, Background usage limits इथं जाऊन ते अ‍ॅप Deep sleeping apps मधून काढा आणि Never sleeping apps मध्ये घाला. नाव किंवा जागा थोडी इकडंतिकडं असली तर Settings च्या शोधपट्टीत battery टाईप करा, सापडेल.

असं मोकळं केलेलं अ‍ॅप बॅटरी सेव्हर चालू असतानाही मागे काम करू शकतं. पण ही सवलत एक-दोन अ‍ॅपलाच द्या. दहा अ‍ॅप मोकळे सोडले तर बचत उरणारच नाही. व्हिडिओ, गेम, खरेदीचे अ‍ॅप यांना Restricted करा. त्यांचे मेसेज उशिरा आले तर तुमचं काही अडत नाही.

पैशाच्या अ‍ॅपबद्दल एक गैरसमज काढून टाकू. दुकानातला क्यूआर कोड कुणी स्कॅन केला तर रक्कम तुमच्या खात्यात जमा होतेच, तुमचा फोन बंद असला तरीही. उशीर होतो तो फक्त सूचनेला. बँकेचा एसएमएस तर अ‍ॅप झोपलं असलं तरी येतो. म्हणून पैसे *घेण्यासाठी* बॅटरीची चिंता कमी करा. पैसे *देण्यासाठी* मात्र फोन चालू लागतो. ठोक व्यापाऱ्याचं बिल आणि परतीचं भाडं यांच्यापुरती बॅटरी राखलीच पाहिजे.

सेव्हर किती टक्क्यांवर लावायचा?

बरेच जण फोननं विचारलं की १५-२० टक्क्यांवर सेव्हर चालू करतात. तोपर्यंत वाचवायला उरतं काय? हिशेब करून बघू. समजा तुमचा फोन प्रवासाच्या दिवशी तासाला ७ टक्के खातो आणि सेव्हर लावल्यावर ५ टक्के. पहाटे ५ ला १०० टक्के घेऊन निघालात.

सेव्हर लावलाच नाही तर फोन साधारण संध्याकाळी सव्वासातला बंद. १५ टक्क्यांवर लावला तर रात्री ८ च्या पुढं थोडा वेळ. म्हणजे एक तासही वाढला नाही आणि गंगाखेडहून गावाकडं येताना फोन बंद. आता ६० टक्क्यांवर लावला तर? पावणेअकराला सेव्हर सुरू होतो आणि रात्री ९ ला घरी पोचेपर्यंत ८ टक्के शिल्लक राहतात. अ‍ॅप तेच, बॅटरी तीच, फक्त सुरुवात लवकर केली.

तुमचे आकडे वेगळे असतील. ते काढायला एखाद्या प्रवासाच्या दिवशी निघताना आणि चार तासांनी टक्के लिहून ठेवा. फरकाला चारनं भागा. पुढच्या खेपेला सेव्हर लावून तेच करा.

हे आपोआप व्हावं म्हणून Settings, Battery, Battery Saver इथं जा, Schedule मध्ये टक्क्यांवर आधारित पर्याय निवडा आणि पट्टी ६० च्या आसपास सरकवा. काही फोनमध्ये पट्टी इतकी वर जात नाही. मग वरून खाली ओढायच्या पडद्यातलं सेव्हरचं बटण स्वतः दाबा. आणखी एक, चार्जर लावला की अनेक फोनमध्ये सेव्हर बंद होतो. व्यापाऱ्याकडं दहा मिनिटं चार्जिंग केलंत तर पिन काढल्यावर सेव्हर परत चालू झाला का, ते बघा.

Ultra किंवा Extreme नावाचा सेव्हर ही वेगळी चीज आहे. तो जवळजवळ सगळे अ‍ॅप थांबवतो आणि तुम्ही निवडलेले मोजकेच चालू ठेवतो. शेवटच्या १० टक्क्यांसाठी तो चांगला आहे, पण त्यातले अ‍ॅप घरीच निवडून ठेवा.

जिथं सेव्हरचाही इलाज चालत नाही

गावाबाहेरच्या रस्त्यावर रेंज येते-जाते. रेंज कमी असली की फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त ताकद लावतो आणि रेंज गेली की सारखा शोधत बसतो. खिशात पडून असलेला फोन गरम लागला तर बहुधा हेच चाललंय. सेव्हर इथं फारसा उपयोगी पडत नाही. जिथं रेंज नसतेच असा टप्पा तुम्हाला ओळखीचा असेल, तर तेवढ्यापुरता Airplane mode लावा. थांब्यावर बंद केला की अडकलेले मेसेज येतात. रेंज चांगली असलेल्या भागात मात्र हा उपाय करू नका, नाहीतर ताईंसारखंच होईल. दुसरं सिम त्या दिवशी लागणार नसेल तर Settings मधून तेही बंद ठेवा.

आदल्या दिवशी एक चाचणी घ्या

सेटिंग लावली म्हणजे काम झालं असं धरू नका. सेव्हर चालू करा, फोनची स्क्रीन बंद करा आणि तासभर हात लावू नका. मग घरातल्या कुणाला तरी दुकानाच्या नंबरवर मेसेज टाकायला सांगा. फोन लगेच वाजला तर सेटिंग बरोबर. वाजला नाही आणि अ‍ॅप उघडल्यावरच मेसेज दिसला, तर ते अ‍ॅप अजून कुठल्या तरी यादीत झोपलेलं आहे. परत App info उघडून बघा. फोनला मोठा अपडेट आला की ही चाचणी पुन्हा घ्या.

ताईंनी पुढच्या खेपेला दुकानाचं अ‍ॅप मोकळं केलं आणि सेव्हर ६० वर लावला. रात्री घरी पोचल्या तेव्हा बॅटरी होती ११ टक्के, मागच्या वेळेपेक्षा कितीतरी कमी. पण दुपारी नांदेडमध्ये फोन वाजला होता आणि गिऱ्हाइकानं मागितलेल्या रंगाचे चार ब्लाउजपीस त्यांच्या पिशवीत होते.