नव्वद मिनिटांची रांग आणि खरा आकडा

न्यूयॉर्कमधल्या हार्लेम भागात फूड बँकेचं एक मोफत भोजनालय आहे. तिथे रात्रीच्या जेवणासाठी कधी कधी ९० मिनिटांपर्यंत थांबावं लागे. टोयोटाच्या अभियंत्यांनी मदत केल्यावर हा वेळ १८ मिनिटांवर आला. २०१३ मध्ये ही गोष्ट वृत्तपत्रात आली. अशा कामाचा व्हिडिओ करायचा, तर संहिता कशी लिहावी?

आधी अडचण, मोजता येईल अशा शब्दांत. ‘व्यवस्था कोलमडली होती’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ‘लोकांना दहा-दहाच्या गटानेच आत सोडत’ म्हटलं की खुर्च्या रिकाम्या असूनही रांग का हलत नव्हती, ते दिसतं.

मग उपाय, केला तसाच. खुर्ची रिकामी होताच एकेकाला आत घेतलं, ताट घेण्यासाठी आतच थांबायची जागा केली आणि रिकाम्या खुर्च्या हेरायला एक माणूस नेमला. कॅमेऱ्याने या तीनच गोष्टी दाखवाव्यात.

खरी कसोटी शेवटी लागते. ‘प्रतीक्षा ८० टक्के घटली’ असं लिहायचा मोह होतो. पण ९० हा सर्वांत वाईट दिवसाचा आकडा आहे. त्याच्याशी नेहमीच्या दिवसाची तुलना केली, तर फरक फुगतो. म्हणून निवेदनात ‘९० मिनिटांपर्यंत’ हा शब्द जसाच्या तसा ठेवावा. टक्केवारी द्यायचीच असेल, तर आधीची आणि नंतरची सरासरी एकाच पद्धतीने मोजावी. ती मोजलेली नसेल, तर टक्केवारी गाळावी.