हँडशेकची आकृती: बाणांवर काय लिहायचे?

संगणक नेटवर्कच्या तासाला टीसीपीचा थ्री-वे हँडशेक शिकवून झाला की बहुतेक वह्यांमध्ये सारखेच चित्र दिसते. डावीकडे एक उभी रेषा, तिच्या डोक्यावर ‘क्लायंट’. उजवीकडे दुसरी, तिच्यावर ‘सर्व्हर’. मध्ये तीन आडवे बाण आणि त्यांवर सिन, सिन-ॲक, ॲक असे तीन शब्द. चित्रात चूक काहीच नाही. पण परीक्षेच्या आदल्या रात्री ते उघडणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातून तीन शब्दांपलीकडे काही मिळत नाही आणि हे तीन शब्द त्याला चित्राशिवायही पाठ असतात. उजळणीची आकृती वेगळ्या कामाची हवी. तासाला न विचारलेल्या प्रश्नाचेही उत्तर तिच्यावर बोट ठेवून काढता आले पाहिजे. तसे व्हायचे तर बाणांच्या नावांपेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात: बाणांवरचे क्रमांक, आणि उभ्या रेषांच्या कडेला लिहिलेली त्या-त्या बाजूची अवस्था. हँडशेकचा सगळा पेचच असा आहे की दोन्ही यंत्रांना एकमेकांच्या मनातले दिसत नाही. प्रत्येकाला आपण काय पाठवले आणि आपल्यापर्यंत काय पोचले एवढेच ठाऊक असते.

हा पेच कागदावरचा नव्हे. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी 1974 साली मांडलेल्या रचनेत पाकिटे वाटेत हरवतील, उशिरा येतील, दोनदाही येतील हे गृहीतच होते. जुन्या, संपलेल्या कनेक्शनचे एखादे भटकलेले पाकीट नव्या कनेक्शनच्या सुरुवातीला येऊन थडकले तर काय, या प्रश्नातून तिसऱ्या संदेशाची गरज पुढे आली. सप्टेंबर 1981 मध्ये जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या आरएफसी 793 या दस्तऐवजात हँडशेकची आकृती दिलेली आहे. टंकलेखनाच्या चिन्हांनी काढलेली असल्याने ती दिसायला रूक्ष आहे, पण तिच्यात प्रत्येक ओळीला दोन्ही टोकांची अवस्था आणि मध्ये क्रमांक आहेत. पाठ्यपुस्तकांतून वह्यांत उतरताना नेमके हेच गळून पडते. म्हणून इथेही तेच दोन क्रमांक घेऊ: क्लायंटचा सुरुवातीचा क्रमांक 100, सर्व्हरचा 300. प्रत्यक्षात हे क्रमांक 32 बिटांचे आणि सहज अंदाज येऊ नये असे निवडलेले असतात. आकृतीत लहान क्रमांक केवळ सोयीसाठी.

तासाला ऐकू येणारे वर्णन साधारण असे असते: क्लायंट सर्व्हरला सिन पाठवतो, सर्व्हर सिन-ॲक पाठवतो, क्लायंट ॲक देतो आणि कनेक्शन तयार होते. आता प्रत्येक क्रियापदापाशी थांबावे. ‘पाठवतो’ या एका शब्दात दोन घटना दडलेल्या आहेत: डाव्या रेषेवरून पाकीट निघणे आणि उजव्या रेषेवर ते पोचणे. बोलताना त्या एकत्र येतात, कागदावर त्या वेगळ्या उंचीवर यायला हव्यात. उभ्या रेषेवर वेळ वरून खाली जाते असे मानले, तर बाण आडवा असूच शकत नाही; तो खाली झुकलेला हवा. तीन संदेशांचे असे सहा बिंदू होतात, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे. आकृतीचा सांगाडा म्हणजे हे सहा बिंदू. शेजारच्या दोन बिंदूंमधल्या उभ्या तुकड्यावर त्या बाजूची अवस्था लिहायची. सुरुवातीला डावीकडे `CLOSED`, उजवीकडे `LISTEN`. पहिला बाण निघताच डावी बाजू `SYN-SENT` होते. तो पोचला आणि उत्तर निघाले की उजवी बाजू `SYN-RECEIVED`. अवस्था बदलते ती बिंदूपाशी, बाणाच्या मध्यावर नव्हे. आकृती तपासायची पहिली खूण हीच.

मग क्रमांक. पहिल्या बाणावर `SYN, SEQ=100`. दुसऱ्यावर `SYN+ACK, SEQ=300, ACK=101`. तिसऱ्यावर `ACK, SEQ=101, ACK=301`. हे तिन्ही पाठ करता येतात, पण लिहिताना हात अडखळतो तो 101 पाशी. सिनमध्ये डेटाचा एकही बाइट नसताना क्रमांक एकाने का वाढला? कारण टीसीपीमध्ये सिन स्वतःच एक क्रमांक खर्च करतो. ॲकचा क्रमांक ‘इथवर मिळाले’ असे सांगत नाही, ‘यापुढचा हा हवा’ असे सांगतो. 100 मिळाला म्हणून 101 हवा. हे समजले आहे का, ते चौथा बाण काढून तपासता येते. हँडशेकनंतर क्लायंट पहिला डेटा पाठवतो तेव्हा त्याचा क्रमांक किती? अनेकजण 102 लिहितात. बरोबर उत्तर 101, कारण नुसता ॲक क्रमांक खर्च करत नाही. 1981 च्या आकृतीतही शेवटच्या दोन ओळींवर हाच क्रमांक आहे, आणि तो तसा का, याची टीप खाली दिली आहे. म्हणजे चौथा बाण हँडशेकचा भाग नसला तरी उजळणीच्या आकृतीत त्याला जागा द्यावी.

वर्णनातला सगळ्यात फसवा भाग शेवटी येतो: ‘आणि कनेक्शन तयार होते’. कोणासाठी, आणि कधी? समजा पाकिटाला एका बाजूने दुसरीकडे जायला 20 मिलिसेकंद लागतात आणि यंत्रांचा स्वतःचा वेळ नगण्य आहे. क्लायंटने शून्यावर सिन पाठवला, तो 20 ला पोचला. सिन-ॲक 40 ला परत आला आणि त्याच क्षणी क्लायंट `ESTABLISHED` झाला. त्याचा ॲक सर्व्हरला 60 ला मिळतो, तेव्हा कुठे सर्व्हर `ESTABLISHED` होतो. मधले 20 मिलिसेकंद एका टोकाला कनेक्शन आहे आणि दुसऱ्या टोकाला ते अजून व्हायचे आहे. आडव्या बाणांच्या चित्रात हा काळ दिसतच नाही, तिथे दोघेही एकाच ओळीवर तयार होतात. तिरक्या बाणांत तो शाईने मोजता येतो. ‘कनेक्शन तयार होते’ हे वाक्य आकृतीवर एका जागी लिहिताच येत नाही. ते डावीकडे चौथ्या बिंदूला आणि उजवीकडे सहाव्या बिंदूला, असे दोनदा लिहावे लागते.

आता तिसरा बाण खोडून पाहा: क्लायंटचा ॲक वाटेत हरवला. क्लायंट `ESTABLISHED` आहे, सर्व्हर `SYN-RECEIVED` मध्येच अडकलेला. क्लायंटने लगेच डेटा पाठवला तर त्या पाकिटावरही `ACK=301` असतेच. ते पोचताच सर्व्हर पुढच्या अवस्थेत जातो आणि हरवलेल्या ॲकची उणीव कोणाला भासत नाही. क्लायंट गप्प राहिला तर सर्व्हरचा टायमर संपतो, सर्व्हर तोच सिन-ॲक पुन्हा पाठवतो आणि क्लायंट पुन्हा ॲक देतो. हे दोन्ही निष्कर्ष पाठांतराचे नाहीत. कडेच्या अवस्था आणि बाणांवरचे क्रमांक वाचूनच ते निघतात, आणि नुसती तीन नावे लिहिलेल्या चित्रातून निघत नाहीत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: परीक्षेत ‘आकृतीसह स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो, तीन बाण काढले की गुण मिळतात, एवढा खटाटोप कशाला? तेवढ्यापुरता तो खरा आहे. पण त्याच प्रश्नाचा ‘स्पष्ट करा’ हा भाग अवस्था आणि क्रमांकांशिवाय लिहायला घेतला की उत्तर दूरध्वनीच्या दाखल्यावर घसरते: ‘हॅलो, ऐकू येतंय का?’, ‘हो, तुला?’, ‘हो’. दाखला सोपा आहे आणि बाण तीन का, हे लक्षात ठेवायला चालतो. पण त्यात क्रमांक नाहीत, आणि ‘हो’ हे उत्तर आजच्या हॅलोला आहे की मघाच्या, हे त्यात कळत नाही. नेमका तोच तर टीसीपीचा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. अशी आकृती सॉफ्टवेअर काढून देत असेल तर हाताने कशाला? मर्मेडसारख्या साधनात एवढे लिहिले तरी नीटस चित्र मिळते:

```
sequenceDiagram
  participant C as क्लायंट
  participant S as सर्व्हर
  C->>S: SYN, SEQ=100
  Note left of C: SYN-SENT
  S->>C: SYN+ACK, SEQ=300, ACK=101
  Note right of S: SYN-RECEIVED
  Note left of C: ESTABLISHED
  C->>S: ACK, SEQ=101, ACK=301
  Note right of S: ESTABLISHED
```

ही ओळींची यादी लिहिण्यातही विचार करावा लागतो, आणि अवस्थांचा क्रम तिच्यात बरोबर येतो. पण यातले बाण आडवे येतात, म्हणजे निघणे आणि पोचणे पुन्हा एक होते. वायरशार्कमधला फ्लो ग्राफ तर खऱ्या पाकिटांवरून चित्र काढतो. पण पकडलेली पाकिटे बहुधा एकाच यंत्रावरची असतात, म्हणून वेळाही त्याच टोकाच्या असतात. दुसऱ्या टोकाला पाकीट कधी पोचले ते त्यात नसते, आणि कोणत्याच टोकाची अवस्थाही नसते, कारण ती पाकिटावर लिहिलेली नसतेच. शिवाय वायरशार्क क्रमांक मुळात सापेक्ष दाखवतो: दोन्ही बाजू शून्यापासून, मग एक. दोन्हीकडे 0 आणि 1 दिसू लागल्यावर कोणता 1 कोणाचा, हे नवशिक्याला कळेनासे होते. 100 आणि 300 घेण्याचा फायदा इथे दिसतो. साधने तपासणीला उत्तम आहेत. आधी हाताने काढावे आणि मग खऱ्या पाकिटांशी ताडून पाहावे.

तिसरी तक्रार गर्दीची: एवढे सगळे एका आकृतीत घातले तर ती वाचवेल का? याला उत्तर दुसऱ्या कागदाचे. एमएसएस, विंडो असे पर्याय पहिल्या कागदावर घेऊच नयेत. दुसरा कागद मात्र एकाच गोष्टीसाठी काढावा, ती म्हणजे भटकलेला जुना सिन. क्लायंटने `SEQ=100` चा सिन पाठवला आहे आणि तो `SYN-SENT` मध्ये आहे. तो पोचायच्या आत जुन्या कनेक्शनचा `SEQ=90` चा सिन सर्व्हरकडे येतो. सर्व्हरला तो जुना आहे हे ओळखायचे साधन नाही. तो नेहमीसारखे `SEQ=300, ACK=91` असे उत्तर देतो आणि `SYN-RECEIVED` होतो. क्लायंटची अपेक्षा 101 ची होती, आला 91. क्लायंट `RST, SEQ=91` पाठवतो, सर्व्हर `LISTEN` वर परततो. पाठोपाठ खरा 100 चा सिन येतो आणि हँडशेक नव्याने सुरू होतो, या वेळी सर्व्हरचा क्रमांक समजा 400. याच कागदावर तिसरा संदेश लागतच नाही असे मानून पाहिले, तर सर्व्हर 90 ला उत्तर देताक्षणी `ESTABLISHED` होईल. क्लायंटने कधीच न मागितलेले कनेक्शन त्याच्याकडे उघडे राहील, आणि त्याची रेषा वरून खाली कितीही तपासली तरी चूक कळेल असा एकही बिंदू तिच्यावर सापडणार नाही.