तेच पातं, नवा दांडा

पायाला ठेच लागली, जखम चिघळली की दोन-चार दिवसांत जांघेत दुखरी गाठ हाताला लागते. घरातली जुनी माणसं म्हणतात, "अवधाण आलंय." दंडावर लस टोचून घेतल्यावर कधीकधी असंच काखेत होतं. ही गाठ नव्याने उगवत नाही. ती मुळातच तिथे असलेली लसिकाग्रंथी असते आणि आत काम सुरू झालं म्हणून ती फुगते. त्या कामाचा एक भाग फार विलक्षण आहे. तिथे शरीर स्वतःच्याच पेशींमधला डीएनए जाणूनबुजून कापतं, त्यात चुका घडवतं आणि त्या चुकांमधून निवड करतं.

ही प्रक्रिया घडली तर काय होतं आणि न घडली तर काय होतं, हे आफ्रिकेतल्या एका रोगाने आणि पुण्यात तयार झालेल्या एका लशीने चांगलं दाखवून दिलं आहे.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात कोरड्या हवेच्या दिवसांत मेंदूज्वराच्या साथी येत. १९९६-९७च्या साथीत अडीच लाखांवर माणसं आजारी पडली आणि पंचवीस हजारांच्या आसपास दगावली. कारण होतं मेनिंगोकॉकस नावाचा जिवाणू, त्यातही त्याचा 'ए' गट. या जिवाणूवर साखरेच्या लांब साखळ्यांचं आवरण असतं. ते आवरण वेगळं काढून केलेली लस तेव्हाही उपलब्ध होती. पण तिचा परिणाम थोड्याच वर्षांत ओसरे, लहान मुलांना तिचा लाभ कमी मिळे आणि पुन्हा टोचली तरी शरीराला पहिली ओळख आठवत नसे. असं का होई, हे समजण्यासाठी त्या गाठीत शिरावं लागतं.

गाठीत बी पेशी असतात. प्रत्येक बी पेशीच्या पृष्ठभागावर एकाच नमुन्याच्या अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, खोचलेली असतात. प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. वरच्या दोन टोकांनी ते जंतूला पकडतं आणि खालच्या देठावरून पुढचं काम ठरतं. कोयत्याचं उदाहरण घेतलं तर टोकं म्हणजे पातं आणि देठ म्हणजे दांडा. तेच पातं आखूड मुठीत बसवलं तर हाताशी असलेलं कापता येतं, लांब काठीला बांधलं तर झाडावरचं काढता येतं.

सुरुवातीला बाहेर पडणाऱ्या प्रतिपिंडांचा दांडा 'एम' प्रकारचा असतो, म्हणून त्यांना आयजीएम म्हणतात. रक्तात अशी पाच प्रतिपिंडं एकत्र जोडलेली असतात. दहा टोकांमुळे पकड सैल असली तरी भागून जातं, पण एवढा अवजड गोळा रक्तातून ऊतींमध्ये फारसा उतरत नाही आणि आईच्या वारेतून बाळापर्यंतही पोहोचत नाही. आयजीजी सुटं असतं. ते ऊतींत जातं आणि वारही ओलांडतं. आतडं, नाक, घसा यांच्या ओल्या अस्तरावर पहारा देतं ते मुख्यतः आयजीए.

आता लशीतली साखर गाठीत पोहोचते. हजारोंतली एखादी बी पेशी तिला नेमकी चिकटते. पण पुढे जायला तिला टी पेशीची संमती लागते, आणि टी पेशीला सहसा फक्त प्रथिनांचे तुकडे ओळखता येतात. साखरेचा तुकडा दाखवला तरी ती दाद देत नाही. मग बी पेशी एकटीच जमेल तेवढं करते. थोडी प्रतिपिंडं बनवते, मोठ्या माणसांत थोडाफार दांडाही बदलते, आणि काम तिथेच आटोपतं.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' या संस्थेच्या प्रकल्पात 'मेनआफ्रिव्हॅक' ही लस तयार केली. तिच्यात हीच साखर धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडलेली होती. बी पेशी साखरेला पकडते, पण गिळताना जोडलेलं प्रथिनही आत जातं. त्याचे तुकडे ती आपल्या पृष्ठभागावर मांडते. धनुर्वाताचं प्रथिन ओळखणारी टी पेशी ते पाहते आणि बी पेशीला संमती देते. ही संमती म्हणजे टी पेशीवरचं एक प्रथिन बी पेशीवरच्या सीडी-४० नावाच्या प्रथिनाला जाऊन भिडणं. सोबत टी पेशी काही रसायनंही सोडते, आणि कोणता दांडा बसवायचा ते बहुतांशी त्यांवर ठरतं.

संमती मिळताच बी पेशीत एआयडी नावाचं विकर तयार होतं. जपानमध्ये क्योटो इथे तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९९मध्ये ते शोधलं. त्याचं काम एका वाक्यात सांगता येतं: ते डीएनएमधल्या 'सी' या अक्षराचं रूपांतर 'यू' या अक्षरात करतं. 'यू' हे अक्षर आरएनएमधलं, डीएनएत त्याला जागा नाही. त्यामुळे पेशीची दुरुस्ती यंत्रणा तिथे धावते. पुढचं सगळं त्या दुरुस्तीच्या गडबडीतून घडतं.

आधी दांड्याचं पाहू. निरनिराळ्या दांड्यांची जनुकं डीएनएवर एकापुढे एक मांडलेली असतात. 'एम' सगळ्यांत आधी, मग पुढे 'जी', 'ए', 'ई' यांचे प्रकार. बहुतेक जनुकांच्या अलीकडे एक खास पट्टा असतो. एआयडी दोन पट्ट्यांवर इतके 'यू' पाडतं की दुरुस्ती करताना डीएनएचे दोन्ही धागे तुटतात. मधला भाग गळून पडतो आणि उरलेली टोकं जोडली जातात. आता पात्याच्या जनुकाशेजारी 'एम'ऐवजी 'जी'चं जनुक येतं. यालाच वर्गबदल म्हणतात. पातं अगदी तेच राहतं. गळालेला तुकडा कायमचा गेल्यामुळे ही पेशी पुन्हा आयजीएम बनवू शकत नाही.

पाठ्यपुस्तकांत वर्गबदल जर्मिनल सेंटरमध्ये घडतो असं वर्षानुवर्षं लिहिलं जाई. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरच्या अभ्यासात मात्र दिसलं की तो बहुतांशी ते केंद्र उभं राहण्याआधीच उरकतो आणि आत क्वचित होतो. त्यामुळे दोन्ही घटनांमागे विकर एकच असलं तरी त्यांची वेळ वेगळी आहे.

जर्मिनल सेंटर म्हणजे अंकुरण्याची जागा. वाल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात गाठीतले हे पुंजके पाहिले. तिथे पेशी झपाट्याने दुभंगताना दिसल्या, म्हणून त्याने हे नाव दिलं. लस टोचल्यावर साधारण आठवड्याभरात असा पुंजका उभा राहतो आणि त्याचे दोन भाग पडतात: एक गर्दीने काळसर दिसणारा, दुसरा उजळ.

काळ्या भागात पात्याला धार लावली जाते, पण ती आंधळेपणाने. बी पेशी तिथे काही तासांत एकदा दुभंगते आणि एआयडी पात्याच्या जनुकांवर फिरत राहतं. दुरुस्ती इथे मुद्दाम ढिसाळ होते. 'सी'च्या जागी 'टी' येतं, कधी शेजारचंही अक्षर बदलतं. दर विभाजनाला हजार अक्षरांमागे साधारण एक बदल, हा वेग शरीरातल्या इतर जनुकांच्या तुलनेत सुमारे दहा लाख पट आहे. पात्याच्या दोन जनुकांची मिळून सातशेच्या आसपास अक्षरं. म्हणजे पेशी एक-दोनदा दुभंगली की पात्यात कुठे तरी एक अक्षर बदललेलं असतं. याचं नाव सोमॅटिक हायपरम्युटेशन. हे बदल त्या बी पेशीच्या वंशापुरतेच राहतात, मुलाबाळांत उतरत नाहीत.

बहुतेक बदल निरुपयोगी असतात. काहींनी पातं बोथट होतं, काहींनी मोडतं. एखाद्यानेच धार वाढते. ती कोणती, हे उजळ भागात ठरतं.

तिथे जाळीसारख्या पसरलेल्या पेशी लशीतला माल आठवडेच्या आठवडे धरून बसलेल्या असतात. बी पेशीने आपल्या नव्या पात्याने तो ओढून घ्यायचा, गिळायचा आणि प्रथिनाचे तुकडे पुन्हा टी पेशीला दाखवायचे. पकड जितकी घट्ट तितका माल जास्त, आणि तितकी टी पेशीची मदत जास्त. टी पेशी थोड्या असल्याने चढाओढ तीव्र असते. जिला भरपूर मदत मिळते ती काळ्या भागात परतून अधिक वेळा दुभंगते आणि पुन्हा परीक्षेला येते. जिला मदत मिळत नाही ती मरते. उंदरांच्या जर्मिनल सेंटरमध्ये दर सहा तासांना निम्म्यापर्यंत बी पेशी मरतात, असं मोजलं गेलं आहे.

अशा अनेक फेऱ्यांनंतर उरलेल्या पेशींची पकड मूळ पेशीच्या शंभरपटही असू शकते. काही पेशी हाडांच्या मगजात जाऊन वर्षानुवर्षं आयजीजी सोडत राहतात, काही स्मृतिपेशी होऊन वाट पाहतात.

ही धार प्रयोगशाळेत मोजता येते. गरोदर बाईच्या रक्तात रुबेला किंवा टॉक्सोप्लाझ्माविरुद्ध आयजीजी आढळलं की संसर्ग जुना की ताजा, हा प्रश्न उभा राहतो. तेव्हा ॲव्हिडिटी तपासणी करतात. प्रतिपिंडं जंतूच्या प्रथिनाला चिकटू द्यायची आणि मग युरियाच्या द्रावणाने धुवायची. सैल पकडीची सुटून जातात, घट्ट पकडीची टिकतात. बहुतेक टिकली तर केंद्राचं काम होऊन महिने उलटले आहेत, म्हणजे संसर्ग जुना. बहुतेक निघून गेली तर तो ताजा असू शकतो. सैल पकड काहींच्या बाबतीत बराच काळ राहते, म्हणून या निकालावर डॉक्टर एकट्याने भिस्त ठेवत नाहीत.

यंत्रणा बिघडली की काय होतं, हेही रक्तात दिसतं. काही मुलांना कान आणि फुप्फुसांचे संसर्ग वारंवार होतात. तपासणीत आयजीएम भरपूर किंवा नेहमीइतकं, आयजीजी आणि आयजीए जवळजवळ नाहीच. यातल्या काहींमध्ये टी पेशीवरचं संमती देणारं प्रथिनच सदोष असतं. त्यांच्या गाठींत जर्मिनल सेंटर उभीच राहत नाहीत. दुसऱ्या काहींत एआयडीचं जनुक बिघडलेलं असतं, हे २०००मध्ये कळलं. त्यांच्या गाठी आणि टॉन्सिल उलट फुगलेले असतात. जर्मिनल सेंटर भलीमोठी, पेशी दुभंगतायत, पण दांडा बदलत नाही आणि पात्यालाही धार लागत नाही. दोन्ही कामं एकाच विकराची असल्याचा हा माणसातला पुरावा. अशा मुलांना दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेलं आयजीजी नियमित द्यावं लागतं.

उलट बाजूचा धोकाही आहे. डीएनए तोडणारं विकर कधी भलत्या जागी घाव घालतं. बर्किट लिम्फोमा या कर्करोगात पेशीला दुभंगायला लावणारं एक जनुक आपली जागा सोडून प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन बसतं, आणि त्या तुटण्यामागे एआयडीचा हात असतो.

मेनआफ्रिव्हॅकची मोठी मोहीम डिसेंबर २०१०मध्ये बुर्किना फासोत सुरू झाली. एक ते एकोणतीस वर्षांच्या सगळ्यांना एकेक मात्रा दिली गेली. नंतर पट्ट्यातल्या इतर देशांतही ती पोहोचली, आणि २०१७नंतर तिथे 'ए' गटाचा निश्चित निदान झालेला रुग्ण नोंदलेला नाही. पण सी, डब्ल्यू, एक्स अशा इतर गटांचा जिवाणू त्या पट्ट्यात फिरतच राहिला. त्यांची साखर वेगळी, म्हणून 'ए'साठी धार लावलेलं पातं तिला पकडत नाही. त्यामुळे सीरम इन्स्टिट्यूट आणि 'पाथ' यांनी पाच गटांच्या साखरा वाहक प्रथिनांना जोडून नवी लस केली. मार्च २०२४मध्ये नायजेरियाने ती सर्वप्रथम वापरात आणली. तिथल्या मुलांच्या काखेतल्या गाठींत आता पाच वेगवेगळ्या साखरा ओळखणाऱ्या बी पेशी जमतात, आणि त्यांना संमती देणाऱ्या टी पेशी मात्र त्याच मोजक्या वाहक प्रथिनांना ओळखणाऱ्या असतात.